अभ्यासिकेच्या ट्रस्टला मार्चमध्ये आलेले ७ लाख: कॉर्पस, राखीव निधी की साधी देणगी?

महालकरीण | ६ जुलै २०२५, रात्री ९:४०

महालात आमच्या ट्रस्टची छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, दरवर्षी काही गरजू मुलांची कॉलेजची फीही ट्रस्ट भरतो. धर्मादाय कार्यालयाची नोंदणी जुनी आहे, आयकराची १२एबी आणि ८०जी दोन्ही आहेत. १३ एप्रिलच्या सभेत खजिनदारकी माझ्याकडे आली, म्हणून २०२४-२५ चे कागद मी आता चाळून राहिले आहे.

मार्चमध्ये दोन मोठ्या देणग्या आल्या. १० मार्चला एका गृहस्थांनी संगणकांसाठी २ लाख पाठवले. २४ मार्चला एका बाईंनी आईच्या स्मरणार्थ ५ लाखांचा धनादेश दिला. आधीच्या खजिनदारांनी दोन्ही रकमा सरळ ‘देणगी’ खात्यात जमा दाखवल्या. त्यामुळे वर्षाची जमा १३ लाख दिसते आणि खर्च ५ लाख ६० हजार. ऑडिटरकडचा मुलगा म्हणाला, ८५ टक्के खर्च झाला नाही, कर लागेल. वर्ष संपायला सात दिवस उरले असताना आलेले ५ लाख आम्ही कुठे खर्च करणार होतो? आणि त्या बाईंना तर ते खर्च व्हायलाच नको आहेत.

काय करता येईल?

---

तर्री_पोहा | ६ जुलै, रात्री १०:१२

ताई, टेन्शन घेऊ नका. दोन्ही रकमा कॉर्पसमध्ये टाका, विषय संपला. कॉर्पसला ८५ टक्क्यांचा नियमच नाही. संगणक म्हणजे भांडवली वस्तू, तेव्हा तेही कॉर्पसच. आमच्या कॉलनीच्या ट्रस्टमध्ये आम्ही दरवर्षी जे उरतं ते कॉर्पसला टाकतो, आजवर कोणी विचारलं नाही. आणि पैसे पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा व्याज चांगलं मिळते.

---

ऑडिटवाली | ६ जुलै, रात्री १०:५५

तर्री_पोहा, कोणी विचारलं नाही याचा अर्थ बरोबर आहे असा होत नाही हो. उरलेले पैसे विश्वस्तांनी ठराव करून कॉर्पसला टाकले म्हणून ते कॉर्पस होत नाहीत. कॉर्पस ठरवतो तो देणारा.

महालकरीण, चार गोष्टी सांगा. बाईंनी पत्र दिलं का, त्यात नेमके शब्द काय आहेत आणि तारीख कोणती? पावतीवर काय लिहिलं? ३१ मे पूर्वी फॉर्म १०बीडी भरला असेल, त्यात ही देणगी कोणत्या प्रकारात दाखवली? आणि ५ लाख सध्या कुठे आहेत?

---

महालकरीण | ७ जुलै, सकाळी ७:३०

पत्र आहे, धनादेशासोबतच दिलेलं, तारीख २४ मार्च २०२५, खाली सही. मजकूर असा: ‘माझ्या आईच्या स्मरणार्थ रु. ५,००,००० देत आहे. मूळ रकमेला हात न लावता तिच्या व्याजातून दरवर्षी दोन होतकरू मुलींची फी भरावी.’

पावतीवर फक्त ‘देणगी’ आहे. १०बीडी मेमध्ये भरला, त्यात प्रकाराच्या रकान्यात ‘अदर्स’ निवडलं आहे. पैसे आधी नेहमीच्या बचत खात्यात होते. २१ एप्रिलला राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांची वेगळी मुदत ठेव केली.

संगणकवाल्या गृहस्थांचं पत्र नाही. अध्यक्षांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली होती: ‘कॉम्प्युटरसाठी दोन लाख पाठवले, मुलांना लवकर मिळू द्या.’

---

जमाखर्च | ७ जुलै, सकाळी ११:०५

हे पत्र कोणी सांभाळून ठेवलं त्याला धन्यवाद द्या, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

आयकर कायद्याच्या कलम ११(१)(ड) ला दात्याचा विशिष्ट निर्देश लागतो, की ही रक्कम ट्रस्टच्या कॉर्पसचा भाग व्हावी. त्यात ‘कॉर्पस’ हा शब्दच पाहिजे असं नाही. ‘मूळ रकमेला हात न लावता व्याजातून’ याहून स्पष्ट निर्देश तुम्हाला कोणता वकील लिहून देणार? पत्र रकमेसोबतचं आहे, तारीख जुळते, सही आहे. माझ्या मते ही कॉर्पस देणगीच. ती उत्पन्नात धरायची नाही, ताळेबंदात शेड्यूल आठमध्ये ट्रस्ट फंड किंवा कॉर्पस या शीर्षाखाली दात्याच्या आईच्या नावाने दाखवायची. मागच्या खजिनदारांनी देणगी खात्यात टाकली असली तरी हिशेब अजून ऑडिट होऊन सही झालेले नाहीत, तेव्हा आत्ताच एक जमाखर्ची नोंद करून ती रक्कम तिकडून इकडे घ्या आणि नोंदीच्या तपशिलात पत्राचा उल्लेख करा.

पावतीला हात लावू नका. जुनी फाडून नवी करणं हा नसता उद्योग. पावती गेली ती गेली, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीला पत्राची झेरॉक्स जोडा.

१०बीडी मात्र सुधारा. सुधारित विवरण भरता येते. तुमच्या ऑडिट अहवालात ५ लाख कॉर्पस आणि पोर्टलवर तीच रक्कम ‘अदर्स’, हे दोन कागद एकमेकांसमोर आले की प्रश्न ठरलेला. सुधारल्यावर दात्याला १०बीई प्रमाणपत्र नव्याने काढून द्या. त्यांची ८०जी ची वजावट त्याच रकमेवर आहे, प्रकार बदलल्याने ती कमी होत नाही.

---

वर्धारोडचा_भक्त | ७ जुलै, दुपारी १:४०

वाचतो आहे. आमचं मंदिर आहे, ट्रस्ट नोंदलेला. दानपेटीत कोणी नाव टाकत नाही, मग ते कॉर्पस का? आणि माझा भाचा न्यूजर्सीला आहे, तो दरवर्षी डॉलर पाठवतो म्हणतो, मंदिराच्या खात्यात सरळ घेतले तर चालते न?

---

ऑडिटवाली | ७ जुलै, दुपारी ३:१५

दानपेटी कॉर्पस नाही, कारण निर्देश देणारा दाताच माहीत नाही. ते रोजचं उत्पन्न.

भाच्याचं आधी पारपत्र विचारा. अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय एक डॉलरही घेऊ नका, मग तो सख्खा भाचा असो की आणखी कोणी. याच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचा प्रश्न बाजूला राहील.

---

तर्री_पोहा | ७ जुलै, संध्याकाळी ६:२०

बरं, ५ लाखांचं समजलं. पण संगणकाचे २ लाख काहून नाही? आत्ता त्या गृहस्थांकडून मार्चच्या तारखेचं पत्र घेऊन टाकायचं, काम फत्ते.

---

ऑडिटवाली | ७ जुलै, संध्याकाळी ६:४८

मागच्या तारखेचं पत्र घ्यायला सांगू नका कोणाला. त्यांनी स्वतःच्या फोनवरून लिहिलं आहे की मुलांना लवकर मिळू द्या. जो माणूस पैसे खर्च करायला सांगतो त्याच्याकडून मूळ रक्कम कायम ठेवा असं लिहून घेणार?

देणगीनंतर खऱ्या तारखेने दिलेलं पत्र चालतं का, यावर मात्र दोन्ही बाजूंचं ऐकायला मिळतं. काही प्रकरणांत अपिलात मान्य झालं आहे. पण अपिलात जाऊन जिंकण्याइतका पैसा आणि जीव लहान ट्रस्टकडे असतो का?

---

जमाखर्च | ७ जुलै, रात्री ९:३०

संगणकांच्या पैशात बहुतेक लहान ट्रस्ट अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात्याने हेतू सांगून दिलेला पैसा दुसरीकडे वापरायचा नाही, हे विश्वस्तांवर बंधन आहे. म्हणून पुस्तकात ते २ लाख ‘संगणक निधी’ असं वेगळं खातं काढून ताळेबंदात इतर राखीव निधींमध्ये दाखवा. त्यातून वीजबिल भरायचं नाही, रंगकाम करायचं नाही. संगणक घेतले की त्या खात्यातून वजा. ही झाली हिशेबाची आणि धर्मादाय कायद्याची बाजू.

पण आयकर खातं तुमचा ताळेबंद बघून थांबत नाही. स्वेच्छेने आलेली देणगी कॉर्पस नसेल तर ती उत्पन्न आहे. ती तुम्ही निधीत दाखवली म्हणून उत्पन्नातून सुटत नाही. ताळेबंदात निधी आणि आयकराच्या गणनेत उत्पन्न, एकाच रकमेच्या या दोन जागा आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. सरकारी किंवा मोठ्या संस्थांच्या अटीबद्ध अनुदानाबद्दल वेगळे निकाल आहेत, उरलेलं परत द्यायची अट असते तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ओळीवर तो युक्तिवाद उभा करू नका.

आता तुमचे आकडे मांडू. जमा १३ लाखांतून कॉर्पसचे ५ लाख बाजूला काढले, राहिले ८ लाख. त्यात संगणकांचे २ लाख आहेत. ८ लाखांचे ८५ टक्के म्हणजे ६ लाख ८० हजार एवढा खर्च उद्दिष्टांवर व्हायला हवा होता. तुमचा खर्च ५ लाख ६० हजार लिहिला आहे. तो खर्च नीट बघा आणि दोन गोष्टी सांगा. ३१ मार्चला न दिलेली किती बिलं त्यात आहेत? आणि कोणाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले आहेत का?

---

महालकरीण | ८ जुलै, सकाळी ८:१०

खतावणी काढून बसले. मार्चचं मानधन आणि वीजबिल मिळून ३० हजार देणे दाखवलं आहे, ते एप्रिलमध्ये दिले. आणि रंगाऱ्याला दिवाळीआधी १८ हजार एकदम रोख दिलेत, व्हाउचर आहे, त्याची सहीपण आहे.

---

जमाखर्च | ८ जुलै, सकाळी १०:२५

वाटलंच.

न दिलेले ३० हजार या वर्षी धरता येत नाहीत. २०२२-२३ च्या आकारणी वर्षापासून प्रत्यक्ष दिलेला पैसाच विनियोग म्हणून मोजला जातो. ते एप्रिलमध्ये दिले, म्हणजे २०२५-२६ मध्ये मोजायचे, वाया गेले नाहीत. उत्पन्न-खर्च पत्रकात शेड्यूल नऊला ते खर्च म्हणून राहू द्या, फक्त आयकराच्या गणनेतून काढा.

रंगाऱ्याचे १८ हजार मात्र गेलेच. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिले की ती सगळी रक्कम, फक्त वरचे ८ हजार नाही, विनियोगात धरत नाहीत. सही असली तरी. यापुढे रंगारी असो की सुतार, धनादेश नाहीतर खात्यावर.

तर मोजता येणारा खर्च ५ लाख १२ हजार. हवा होता ६ लाख ८० हजार. तूट १ लाख ६८ हजार. ऑडिटरकडच्या मुलाच्या हिशेबाने १३ लाखांवर हीच तूट ५ लाख ९३ हजार होते. बाईंच्या एका पत्राने एवढा फरक पडला.

आता ही तूट भरून काढायला फॉर्म १० आहे. विशिष्ट हेतूसाठी रक्कम राखून ठेवतो असं सांगून पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. तुमच्याकडे हेतू तयार आहे: अभ्यासिकेसाठी संगणक. विश्वस्तांच्या सभेत ठराव करा, त्यात रक्कम, हेतू आणि मुदत लिहा. ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहू नका, नेमकी तिथेच हरकत येते. विवरणपत्राची तारीख ३१ ऑक्टोबर, फॉर्म १० त्याच्या दोन महिने आधी, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत भरा. उशीर झाला तरी विवरणपत्राच्या मुदतीत भरला असेल तर राखीव रक्कम नाकारणार नाही, असं परिपत्रक २०२३ मध्ये निघालं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

---

तर्री_पोहा | ८ जुलै, दुपारी १२:५०

काका, पण १ लाख ६८ हजारच तर आहेत. ट्रस्टला व्यक्तीसारखा स्लॅब लागतो. अडीच लाखांपर्यंत कर शून्य. मग फॉर्म १० ची भानगड कशाला? आमच्या सीएने तर भरलाच नव्हता कधी.

---

जमाखर्च | ८ जुलै, दुपारी २:०५

कधीकाळी बरोबर होतं. २०२३-२४ च्या आकारणी वर्षापासून कलम ११५बीबीआय आलं. १५ टक्क्यांहून जास्त रक्कम परवानगीशिवाय साठवली तर ती त्याच्या यादीत पहिलीच आहे आणि तिच्यावर सरळ ३० टक्के कर आहे, स्लॅब नाही. १ लाख ६८ हजारांवर ५० हजार ४०० आणि वर उपकर. एक फॉर्म वाचवण्यासाठी ५० हजार?

---

ऑडिटवाली | ८ जुलै, दुपारी २:४०

यावर आमच्या ऑफिसातच दोन तट आहेत. साधी तूट आणि परवानगीशिवाय साठवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुटीला स्लॅबच लागतो असं मानणारे सीए आहेत. पण काका म्हणतात ते खरं, फॉर्म भरता येत असताना हा वाद अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

काहींना वाटेल की मग १३ लाखांवरच हिशेब ठेवून ५ लाख ९३ हजारांचा फॉर्म १० भरला तरी कर वाचतोच. वाचतो. पण मग ते पैसे पाच वर्षांत खर्च करावेच लागतील, नाहीतर करपात्र होतील. बाईंना व्याजातून कायम शिष्यवृत्ती हवी आहे, तुम्ही मुद्दल संपवून टाकाल.

---

निवृत्त_बँकवाला | ८ जुलै, संध्याकाळी ५:३०

ठेवीबद्दल मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. पतसंस्थेत ठेवू नका. आयकराचं कलम ११(५) शेड्यूल्ड बँक किंवा बँकिंग करणारी सहकारी संस्था म्हणते, पतसंस्था त्यात बसत नाही. तिथे ठेवलं की त्या पैशाची सूट धोक्यात. धर्मादाय कायद्याचं कलम ३५ आहे ते वेगळंच. दोन टक्के जास्त व्याजासाठी हे करू नये, आणि पतसंस्था बुडाल्या की काय होते ते विदर्भात कोणाला सांगायला नको.

दुसरं, ही ठेव कोणत्या प्रकारची केली ते पावतीवर बघा. व्याज मुद्दलात मिळवत जाणारी असेल तर तुमच्या हातात मुलींच्या फीसाठी काही येणार नाही, पण व्याज दरवर्षी उत्पन्नात मोजलं जाईल आणि त्याच्या ८५ टक्के खर्चाची अपेक्षा असेल. व्याज तिमाही किंवा वार्षिक बचत खात्यात येणारी ठेव घ्या. ५ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार, दोन मुलींची फी निघेल. आणि मुदत संपली की ठेव आपोआप नूतनीकरण होताना तिच्यावरचा कॉर्पसचा शेरा निघून जातो, शाखेत जाऊन लिहून द्या.

---

महालकरीण | ८ जुलै, रात्री ९:१५

निवृत्त_बँकवाला, आमची ठेव व्याज मिळवत जाणारीच आहे. उद्या शाखेत जाते.

एक अजून. देणग्यांमध्ये ४० हजार असे आहेत ज्यांचं नाव नाही. २२ हजार पेटीतले आणि १८ हजार अभ्यासिकेच्या दारावर लावलेल्या क्यूआर कोडवरचे. बँकेच्या उताऱ्यात नुसता यूपीआय आयडी दिसतो, कुणाचा फोन नंबर, कुणाचं टोपणनाव. हे निनावी धरायचे का?

---

ऑडिटवाली | ८ जुलै, रात्री १०:००

दात्याचं नाव आणि पत्ता तुमच्या नोंदीत नसेल तर निनावीच. क्यूआरवरचा आयडी म्हणजे पत्ता नाही.

पण घाबरू नका. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लागतो तो ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेवर. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त ते. तुमचे ४० हजार एका लाखाच्या आत आहेत. पुढे क्यूआर वाढला आणि लाख ओलांडला की मात्र दुखेल. म्हणून क्यूआरखाली एक वही ठेवा, पैसे पाठवलेल्याने नाव, पत्ता, रक्कम लिहावी. ज्याला ८०जी हवं तो पॅनही देईल. मुलं लिहितात, अनुभव आहे.

पेटी दोन विश्वस्तांसमोर उघडायची, नोटा मोजून कागदावर सह्या, आणि ती रक्कम दुसऱ्या दिवशी तशीच बँकेत. पेटीतून परस्पर झाडूवाल्याला पाचशे दिले असं करू नका. आणि पावती देताना हे लक्षात ठेवा, २ हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही. ते आधी सांगा, नंतर भांडण होते.

---

वर्धारोडचा_भक्त | ८ जुलै, रात्री १०:२५

आमच्या पेटीत तर गणपतीत एका दिवसात लाखावर जातात. म्हणजे आम्हाला ३० टक्के?

---

ऑडिटवाली | ८ जुलै, रात्री १०:४०

निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी देणगीचा हा कर लागत नाही. तुमच्या घटनेत शाळा, दवाखाना असं काही असेल तर वेगळं. घटना बघून बोला.

---

महालकरीण | ९ जुलै, संध्याकाळी ७:५०

आज बँकेत आणि ऑडिटरकडे दोन्हीकडे जाऊन आले. ठेवीवर व्याज वार्षिक खात्यात यावं असं बँकेने करून दिलं, थोडा दंड गेला. कॉर्पसची जमाखर्ची नोंद ऑडिटरना पटली. १०बीडी सुधारायचा आहे, त्यांनी वापरकर्ता नाव मागितलं.

पण ते एका ठिकाणी अडले. कॉर्पसचे पैसे त्या कॉर्पससाठीच वेगळ्या राखलेल्या ठेवीत हवेत, असं कलमात आहे. ३१ मार्चला ते ५ लाख नेहमीच्या बचत खात्यात इतर पैशांसोबत होते, ठेव झाली २१ एप्रिलला. ते म्हणतात वर्षअखेरीला अट पूर्ण नव्हती, मी शेरा लिहीन.

---

जमाखर्च | ९ जुलै, रात्री ९:०५

किती दिवसांत वेगळी ठेव करायची हे कायद्यात लिहिलेलं नाही. धनादेश वटायलाच दोन-तीन दिवस जातात, ३१ मार्चपर्यंत उरतात किती? माझ्या मते वाजवी वेळेत वेगळं केलं तर अट पूर्ण झाली. पण तुमची बाजू भक्कम व्हायला एक गोष्ट बघा. धनादेश वटल्यापासून ठेव होईपर्यंत बचत खात्यातली शिल्लक एकदाही ५ लाखांखाली गेली का?

---

महालकरीण | ९ जुलै, रात्री ९:३५

नाही. ३१ मार्चला ७ लाख ९५ हजार होते. एप्रिलमध्ये ती ३० हजारांची देणी दिली तरी साडेसातच्या वरच राहिली.

---

जमाखर्च | ९ जुलै, रात्री ९:५०

मग तो उतारा, बाईंचं पत्र आणि ठेवीची पावती एकत्र फाईल करा आणि ऑडिटरना दाखवा. कॉर्पसचा पैसा कशातच वापरला गेला नाही हे उताऱ्यावरूनच दिसतं. बचत खातंही शेड्यूल्ड बँकेतलं आहे, म्हणजे पैसा कलम ११(५) च्या बाहेर एक दिवसही गेला नाही. वाद उरतो तो फक्त ‘वेगळं राखलेलं’ या शब्दांवर.

---

ऑडिटवाली | ९ जुलै, रात्री १०:२०

काका, मी ऑडिटरच्या बाजूने. शेरा लिहिला तर ट्रस्टचं नुकसान नाही, लपवलं तर आहे. ‘२४ मार्चला आले, २१ एप्रिलला वेगळे ठेवले’ एवढं वस्तुस्थिती म्हणून लिहावं, अट मोडली असा निष्कर्ष काढू नये. तुमचा फॉर्म १०बीबी असणार, ५ कोटींच्या आत आहात आणि परदेशी पैसा नाही. त्यात ही टीप सहज बसते. पुढच्या वेळी मोठी देणगी येणार असं कळलं की आधीच कॉर्पसचं वेगळं खातं उघडून ठेवा, धनादेश त्याच नावाने घ्या.

---

जमाखर्च | १० जुलै, सकाळी ९:४०

शेऱ्याच्या शब्दांवर माझं अजूनही वेगळं मत आहे, पण सही त्यांची आहे, तेव्हा त्यांचं ऐका.

त्यापेक्षा तुमचा १२एबी चा आदेश काढून त्यावरची मुदत बघा. २०२१ मध्ये जुन्या ट्रस्टना जे पाच वर्षांसाठी नव्याने मिळालं ते बहुतेकांचं ३१ मार्च २०२६ ला संपतं. नूतनीकरणाचा फॉर्म १०एबी सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जायला हवा. त्यासोबत मागच्या वर्षांचे हिशेब मागतात, आणि त्यात हे वर्ष असणार. ८०जी चंही त्याच सुमारास.

---

महालकरीण | १० जुलै, सकाळी १०:१५

बघितलं. २०२६-२७ आकारणी वर्षापर्यंतच आहे. दोन्ही.

---

निवृत्त_बँकवाला | १० जुलै, सकाळी १०:५०

ताई, तुम्ही १३ एप्रिलला खजिनदार झालात म्हणता. खजिनदार विश्वस्तही असतील तर चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात गेला का? नव्वद दिवसांची मुदत १२ जुलैला भरते, आणि तो दुसरा शनिवार आहे.

---

महालकरीण | १० जुलै, सकाळी ११:०५

नाही गेला. अध्यक्षांना आत्ता फोन लावते, उद्या शुक्रवारी काही करून भरायला हवा.